चौऱ्याण्णव सेकंद मागे: सर्व्हर हलवल्यावर लॉगिन का नाकारलं गेलं

हे प्रकरण एका अंतर्गत तक्रार-नोंदणी प्रणालीचं आहे. संस्था, माणसं आणि सर्व्हरची खरी नावं काढून टाकली आहेत आणि पत्ते बदलले आहेत. मी त्या वेळी ॲप्लिकेशनच्या टीममध्ये होतो. पुढे ज्या चुका येतील त्यातल्या दोन माझ्या आहेत.

## पार्श्वभूमी

प्रणालीचे दोन भाग होते. लॉगिन सर्व्हर वेगळा होता. तो पासवर्ड तपासून टोकन द्यायचा. ॲप्लिकेशनचे तीन सर्व्हर होते. त्यांना इथे अ, ब आणि क म्हणू. त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर होता आणि एकदा एखाद्या सर्व्हरकडे गेलेला माणूस पुढेही त्याच सर्व्हरकडे जाईल, अशी त्याची मांडणी होती.

टोकन म्हणजे नेहमीचं सही केलेलं जेडब्ल्यूटी. त्यात वेळेचे तीन आकडे असतात: `iat` म्हणजे टोकन कधी दिलं, `nbf` म्हणजे कधीपासून चालेल, आणि `exp` म्हणजे कधी संपेल. तिन्ही आकडे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे, यूटीसीनुसार मोजलेले सेकंद असतात. आमच्याकडे `nbf` हा `iat` इतकाच असायचा आणि `exp` त्यानंतर ३०० सेकंदांनी. पाच मिनिटं संपायच्या तीस सेकंद आधी ब्राउझरमधला आमचा कोड रिफ्रेश टोकन दाखवून नवं टोकन घ्यायचा. मध्येच ४०१ आला, तर एकदा रिफ्रेश करून तीच विनंती परत पाठवायचा. परत ४०१ आला, तर माणसाला लॉगिनच्या पानावर सोडायचा.

लॉगिन सर्व्हर टोकनवर स्वतःच्या घड्याळातली वेळ लिहितो आणि ॲप्लिकेशन सर्व्हर ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. दोघं त्या क्षणी एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे ही सगळी व्यवस्था दोन घड्याळं जुळतात या गृहीतावर उभी असते, आणि हे गृहीत आमच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी रात्री ॲप्लिकेशनचे तिन्ही सर्व्हर नव्या जागी, नव्या होस्टवरच्या व्हर्च्युअल मशीनवर हलवले. लॉगिन सर्व्हर जुन्याच जागी राहिला. रविवारी चाचणी झाली ती फक्त ‘अ’वर, कारण तेव्हा लोड बॅलन्सरमध्ये तो एकटाच होता. सगळं हिरवं दिसलं. संध्याकाळी ‘ब’ आणि ‘क’ जोडले आणि आम्ही घरी गेलो.

## अडचण

सोमवारी सकाळी फोन सुरू झाले. तक्रार एकच होती: पासवर्ड टाकला की क्षणभर पान दिसतं आणि परत लॉगिनचं पान येतं. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काहीच त्रास नाही. पासवर्ड बदलून काही होईना, ब्राउझर साफ करून काही जणांचं जमे, काही जणांचं नाही. ज्यांचं जमलं त्यांची कुकी पुसली गेली होती आणि लोड बॅलन्सरने त्यांना दुसऱ्या सर्व्हरकडे धाडलं होतं. हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र “कॅश क्लिअर करा” हा उपाय कार्यालयभर पसरला आणि चित्र आणखी गढूळ झालं.

आणखी एक तक्रार होती, थोड्या लोकांची: फॉर्म भरून शेवटी फाइल जोडली की नकार येतो. ती आम्ही फाइल अपलोडची वेगळी अडचण म्हणून बाजूला नोंदवली. ही माझी पहिली चूक.

लॉगमध्ये काय होतं? `auth failed`. बस. टोकन तपासणारी लायब्ररी नेमकं कारण सांगते, पण आमच्या कोडने ते पकडून, गिळून, त्याजागी हे दोन शब्द छापले होते. बाहेरच्याला फार माहिती देऊ नये, हा विचार बरोबरच आहे. पण तो उत्तराला लागू होतो, आपल्या लॉगला नाही.

## आधी कशावर संशय गेला

पहिला संशय सहीच्या किल्लीवर. सर्व्हर हलवताना सार्वजनिक किल्ली जुनीच राहिली असेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. तिन्ही सर्व्हरवरची किल्ली ताडून पाहिली, एकच निघाली. शिवाय किल्ली चुकली असती तर त्या सर्व्हरवर कुठलंच टोकन कधीच चाललं नसतं.

दुसरा संशय टाइमझोनवर. नव्या सर्व्हरवर `date` दिलं तर यूटीसी दिसत होतं, जुन्यांवर स्थानिक वेळ होती. एक सहकारी म्हणाला, “सर, घड्याळच वेगळं आहे की! टाइमझोन बदलून टाकू.” मी त्याला थांबवलं आणि ते बरोबर होतं. टोकनमधले आकडे सेकंदांत असतात, त्यांना टाइमझोन नसतो. पडद्यावर सकाळचे सहा दिसोत की दुपारचे बारा, `date +%s` एकच आकडा देतो. टाइमझोनमुळे टोकन बिघडतं ते एकाच वाटेने: कुणीतरी चुकीच्या टाइमझोनमध्ये बसून “वेळ चुकलीय” म्हणून हाताने घड्याळ फिरवलं तर. मग फरक तासांचा किंवा अर्ध्या तासांचा दिसतो, सेकंदांचा नाही.

पण त्याच्या वाक्यातला ‘घड्याळ’ हा शब्द मी टाइमझोनसोबत टाकून दिला आणि त्यात तासभर गेला. ही दुसरी चूक.

## नेमकं काय सापडलं

शेवटी लॉगची एक ओळ बदलून `err.message` छापायला लावलं. मिनिटभरात ‘ब’च्या लॉगमध्ये ओळी येऊ लागल्या:

```
auth failed: jwt not active
auth failed: jwt not active
```

मुदत संपलेल्या टोकनची सवय सगळ्यांना असते. ‘अजून सुरूच झालं नाही’ हे वाचून मात्र खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक ताजं टोकन उघडलं आणि ‘ब’वरची वेळ विचारली.

```
"iat": 1718000440, "nbf": 1718000440, "exp": 1718000740

$ date +%s
1718000351
```

टोकन हातात येऊन पाच सेकंद झाले होते आणि ‘ब’च्या मते ते अजून ८९ सेकंदांनी जन्माला यायचं होतं. म्हणजे ‘ब’ ९४ सेकंद मागे.

खात्री करायला एक सरळ प्रयोग केला. एकच टोकन घेतलं, रिफ्रेश न करता दर दहा सेकंदांनी थेट ‘ब’ला दाखवत राहिलो. शून्य सेकंदापासून नव्वदाव्या सेकंदापर्यंत दहाही वेळा ४०१. शंभराव्या सेकंदाला २००, आणि मग पुढे चालूच. पाच मिनिटं झाली तरी चालू. ३९० व्या सेकंदालाही चाललं, ४०० ला थांबलं. मागे पडलेलं घड्याळ टोकनला उशिरा आत घेतं आणि उशिराच बाहेर काढतं. पहिल्या अर्ध्याची तक्रार येते, दुसऱ्याची कुणीच करत नाही. वास्तविक सुरक्षेच्या दृष्टीने दुसराच अर्धा जास्त वाईट, कारण काढून टाकलेल्या माणसाचं टोकन दीड मिनिट जास्त जगतं.

मग ‘ब’कडे गेलेली माणसं कधीच आत का जाऊ शकत नव्हती? टोकन दीड मिनिटात पिकत होतं, पण आमचा कोड त्याला पिकू देत नव्हता. पहिला ४०१ आला की तो रिफ्रेश करून आणखी ताजं टोकन आणायचा, आणि ताजं टोकन तर ‘ब’ला आणखीच नको होतं. दुसरा ४०१, की माणूस बाहेर.

लॉगमध्ये पुरावा सकाळपासून पडला होता. लॉगिन सर्व्हरवर टोकन दिल्याची नोंद आणि ‘ब’वर तेच टोकन नाकारल्याची नोंद शेजारी ठेवली, तर नकाराची वेळ टोकन देण्याच्याही आधीची दिसत होती.

## घड्याळ का चुकलं

‘ब’वर वेळ जुळवणारी सेवा, chrony, चालू होती. आमच्या देखरेखीच्या पडद्यावर ती हिरवी होती. पण ती कुणाशी बोलत होती ते विचारल्यावर:

```
$ chronyc sources
MS Name/IP address    Stratum Poll Reach LastRx Last sample
^? 10.4.0.7                 0   8     0     -     +0ns[ +0ns] +/- 0ns
```

`Reach` शून्य म्हणजे अलीकडच्या आठ प्रयत्नांत एकदाही उत्तर आलेलं नाही. `^?` म्हणजे हा स्रोत वापरण्याजोगा नाही. पत्ता जुन्या जागेतल्या वेळ-सर्व्हरचा होता आणि नव्या फायरवॉलमधून यूडीपी पोर्ट १२३ बाहेर जायला उघडं नव्हतं. `timedatectl` मध्येही `System clock synchronized: no` असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि लगेच खाली `NTP service: active`. आम्ही देखरेख ठेवली होती ती दुसऱ्या ओळीवर.

व्हर्च्युअल मशीन सुरू होताना वेळ होस्टकडून घेते. ‘ब’ ज्या होस्टवर होता त्याचंच घड्याळ चुकलेलं होतं. ‘अ’चा होस्ट योगायोगाने बरोबर होता, म्हणून रविवारची चाचणी पास झाली.

## कोणते पर्याय होते

सोमवारी दुपारी आमच्यासमोर चार वाटा होत्या.

घड्याळ दुरुस्त करणं हा खरा उपाय. पण फायरवॉलचा बदल नेटवर्कच्या लोकांच्या मंजुरीतून जाणार होता आणि तो उद्यावर गेला. हाताने वेळ बसवावी तर होस्ट आणि सेवा परत काय करतील याचा भरवसा नव्हता.

‘ब’ला लोड बॅलन्सरमधून काढणं ही दुसरी वाट. दोन सर्व्हरवर सोमवारचा भार पेलेल का, ही शंका होती.

टोकनमधून `nbf` काढून टाकावा, असंही कुणी सुचवलं. त्याने ‘अजून सुरू नाही’ हा नकार आमच्या लायब्ररीत थांबला असता. पण काही लायब्ररी भविष्यातला `iat` सुद्धा नाकारतात, जरी जेडब्ल्यूटीच्या मानकात, आरएफसी ७५१९ मध्ये, तशी सक्ती नाही. आणि लॉगिन सर्व्हरचं टोकन आमच्याशिवाय आणखी दोन प्रणाली वापरत होत्या. एका सर्व्हरच्या घड्याळासाठी सगळ्यांचं टोकन बदलणं पटलं नाही.

चौथी वाट सवलतीची. तपासताना काही सेकंद इकडेतिकडे चालवून घ्यायचे. हीच आरएफसी अशी थोडी सवलत ठेवायला परवानगी देते आणि ती साधारण काही मिनिटांपेक्षा जास्त नसावी असं म्हणते. आमच्या लायब्ररीत मुळात ती शून्य होती.

```
jwt.verify(token, key, {
  algorithms: ['RS256'],
  clockTolerance: 120
})
```

आम्ही ही घेतली. ९४ पेक्षा १२० जास्त, हिशोब सुटला. दुपारी दोनपर्यंत लॉगिनच्या तक्रारी थांबल्या आणि प्रकरण ‘तात्पुरतं मिटलं’ या रकान्यात गेलं.

## मंगळवार

फाइलची तक्रार मात्र येतच होती. कमी झाली होती, थांबली नव्हती. चाचणी करणाऱ्या मॅडमनी ती उचलली. त्यांनी कोड पाहिलाच नाही, तक्रार करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारला: “फॉर्म भरायला किती वेळ लागला?” घाईने भरणाऱ्यांची फाइल जात होती. चहा घेऊन येणाऱ्यांची अडत होती. त्या येऊन म्हणाल्या, “तुम्ही ‘क’चं घड्याळ बघितलं का?”

नव्हतं बघितलं. ‘ब’ ओरडत होता म्हणून आम्ही ‘ब’च बघितला.

‘क’ २१२ सेकंद पुढे होता. त्याच्या दृष्टीने तीनशे सेकंदांचं टोकन हातात येतानाच २१२ सेकंद जुनं. खऱ्या वेळेनुसार ते ८८ सेकंद जगायचं. मग सोमवारी ‘क’कडून लॉगिनची एकही तक्रार का नव्हती? कारण इथे रिफ्रेश औषधासारखा लागू पडत होता. ८८ सेकंदांनी ४०१ आला की कोड ताजं टोकन आणायचा, ते ‘क’ला चालायचं, आणि माणसाला जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवायचा. फक्त फाइलच्या विनंतीला ही दुसरी संधी नव्हती. मोठी फाइल आपोआप परत पाठवू नये म्हणून आम्हीच तशी सोय बंद ठेवली होती.

म्हणजे एकच आजार, पण मागे पडलेलं घड्याळ रिफ्रेशमुळे असह्य झालं आणि पुढे गेलेलं रिफ्रेशमुळेच झाकलं गेलं. १२० सेकंदांच्या सवलतीने ‘ब’ पूर्ण गप्प झाला आणि ‘क’वरचं टोकन ८८ ऐवजी २०८ सेकंद जगू लागलं. आमचा रिफ्रेश २७० व्या सेकंदाला व्हायचा. उरलेली ६२ सेकंदांची फट, तीच मंगळवारची फाइलची तक्रार.

कुठल्याही प्रणालीत हे तक्रारीवरूनच बरंचसं ओळखता येतं. नुकतं लॉगिन केलेल्यालाच नकार मिळतो आणि जुनं टोकन चालतं, तर तपासणाऱ्याचं घड्याळ मागे आहे. आत सहज जाता येतं पण मुदतीच्या आत बाहेर पडावं लागतं, तर ते पुढे आहे.

## दुरुस्ती

मंगळवारी संध्याकाळी फायरवॉल उघडायचं ठरलं. तेवढ्यात एकाने chrony च्या मांडणीतली एक ओळ दाखवली, जी बऱ्याच लिनक्स वितरणांत आधीपासूनच असते:

```
makestep 1.0 3
```

अर्थ असा: सेवा सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या तीन जुळवणींत फरक एक सेकंदापेक्षा जास्त निघाला, तर हळूहळू न सरकवता घड्याळ एकदम उडी मारून बरोबर करायचं. आमच्याकडे अजून एकही जुळवणी झालेली नव्हती. म्हणजे पोर्ट उघडताच ‘ब’ ९४ सेकंद पुढे आणि ‘क’ २१२ सेकंद मागे उडी मारणार, लोक काम करत असताना.

पुढची उडी त्या मानाने निरुपद्रवी. मागची नाही. ‘क’वर लिहिलेल्या नोंदींवर आधीच भविष्यातली वेळ पडली होती. उडीनंतर साडेतीन मिनिटं नव्या नोंदी जुन्या नोंदींच्या आधीच्या ठरल्या असत्या, आणि ‘शेवटच्या फेरीनंतर बदललेलं सगळं उचल’ अशा पद्धतीचं आमचं रात्रीचं काम त्यातल्या काही सोडून गेलं असतं. हळूहळू सरकवण्याचाही पर्याय होता. chrony चा मूळ वेग सेकंदाला जास्तीत जास्त एक बारांश सेकंद, म्हणजे २१२ सेकंदांना निदान ४२ मिनिटं. पण ‘क’ थोडा वेळ बंद ठेवणं शक्य असताना त्याची गरज नव्हती.

तेव्हा क्रम असा ठरला. आधी होस्टची घड्याळं दुरुस्त केली, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला तीच चूक परत आली असती. ‘ब’ आणि ‘क’वर chrony थांबवून नवा वेळ-सर्व्हर लिहिला. मग पोर्ट उघडलं. ‘ब’ला लोड बॅलन्सरमधून काढून, chrony सुरू करून, तपासून परत घेतलं. ‘क’वर ॲप्लिकेशनही थांबवलं, घड्याळ मागे आलं, आणि पाच मिनिटं तो तसाच बंद ठेवला. २१२ सेकंद उलटून गेले की खरी वेळ ‘क’ने लिहिलेल्या सगळ्यात पुढच्या नोंदीच्याही पलीकडे जाते. मग तो सुरू केला. सगळ्याला चाळीस मिनिटं लागली आणि कुणाचाही फोन आला नाही.

## परिणाम

बुधवारी तिन्ही सर्व्हरचा फरक काही मिलिसेकंदांवर होता. सवलत १२० वरून ३० सेकंदांवर आणली. शून्यावर नेली नाही, कारण लहानसहान फरक पुढेही येणार. १२० वरही ठेवली नाही, कारण ती दोन्ही बाजूंनी लागते आणि घड्याळ बरोबर असलेल्या ‘अ’वरसुद्धा पाच मिनिटांचं टोकन सात मिनिटं चालत होतं.

देखरेख बदलली. आता सेवा जिवंत आहे का हे न विचारता `chronyc tracking` मधली `Leap status` आणि फरक वाचला जातो. फरक एका सेकंदावर गेला की सूचना येते. त्याखेरीज बाहेरूनही एक तपासणी ठेवली. वेब सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत `Date` पाठवतो, तो लॉगिन सर्व्हरच्या `Date` शी ताडायचा:

```
curl -sI https://app-b.example/ | grep -i '^date'
```

अचूकता सेकंदाचीच, पण सर्व्हरमध्ये न शिरता उत्तर मिळतं. सर्व्हरला स्वतःचं घड्याळ विचारलं तर तो स्वतःच्या समजुतीप्रमाणे सांगणार, म्हणून ही बाहेरची तपासणी मला जास्त भरवशाची वाटते.

‘क’ने दोन दिवसांत लिहिलेल्या नोंदी आम्ही बदलल्या नाहीत. काही तक्रारींत उत्तर प्रश्नाच्या आधीचं दिसतं. त्या काळात ‘क’ २१२ सेकंद पुढे होता, अशी टीप प्रणालीच्या नोंदवहीत ठेवली. मुळातली वेळ गुपचूप बदललेली नोंद कुणी पुढे तपासली, तर तिच्यावर विश्वास कसा ठेवणार?

## काय वेगळं करता आलं असतं

सोमवारी दुपारचा निर्णय आज मी वेगळा घेईन. ‘ब’ला बाजूला काढून दोन सर्व्हरवर दिवस काढला असता. भाराची आमची शंका ही निव्वळ शंका होती, आकडे कुणी पाहिले नव्हते. नंतर पाहिले तेव्हा दोन सर्व्हर पुरले असते असं दिसलं. ‘ब’ बाहेर गेल्यावरही फाइलची तक्रार सुरूच राहिली असती, आणि तपास एका सर्व्हरवर न थांबता सोमवारीच ‘क’पर्यंत पोचला असता. सवलत वाढवल्यामुळे नेमका हाच धागा पातळ झाला.

सवलत वाढवायचीच होती, तर त्याआधी तिन्ही सर्व्हरवर `date +%s` एकाच वेळी चालवायला हवं होतं. त्याला दहा सेकंद लागतात. आता सर्व्हर हलवण्याच्या आमच्या यादीत, लोड बॅलन्सरमध्ये जोडण्याच्या ओळीच्या अगदी वर, ‘लॉगिन सर्व्हरशी घड्याळ ताडलं, फरक __ सेकंद’ अशी ओळ आहे. रकान्यात ‘हो’ लिहून चालत नाही, आकडा लिहावा लागतो.